पंधरा हजारांची बाटली, सातशेची बाटली आणि चमचाभर पेज

गेल्या रविवारी भाची नौपाड्याहून आली आणि चपला काढायच्या आधीच पर्समधून तीन बाटल्या काढून तिने जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. मी रबाळ्याच्या एमआयडीसीत सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे नात्यातल्या सगळ्या क्रीम-सीरमची वरात शेवटी माझ्याच दारात येते. पहिली बाटली तिच्या नणंदेने न्यू जर्सीहून आणलेली, स्किनसुटिकल्स कंपनीचं सी ई फेरुलिक. अमेरिकेत ३० मिलीला १८० डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले पंधरा हजार धरा. दुसरी साडेपाचशेची, तिसरी सातशेची. या दोन्ही पहिलीच्या ड्यूप, म्हणजे स्वस्तातल्या नकला, म्हणून तिने मागवल्या होत्या आणि त्यातली एक ठेवून दुसरी परत करायची होती.

"मावशी, पुढे तिन्हींवर तेच लिहिलंय. विटामिन सी १५ टक्के, विटामिन ई, फेरुलिक ॲसिड. मग वरचे चौदा हजार कशाचे?"

बाटलीची पुढची बाजू ही जाहिरात असते. म्हणून मी आधी चष्मा लावला आणि तिन्ही बाटल्या उलट्या फिरवल्या.

मागे घटकांची जी यादी असते तिला एक नियम असतो. तो कळला की अर्धं काम झालं. ज्या घटकाचं प्रमाण जास्त, त्याचं नाव आधी, असं उतरत्या क्रमाने लिहायचं. पण ही शिस्त १ टक्क्यापर्यंतच. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कंपनी कुठल्याही क्रमाने लिहू शकते. आपल्याकडे हे २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत आहे आणि अमेरिका-युरोपातही पद्धत साधारण अशीच आहे. यादीत टक्के मात्र नसतात आणि १ टक्क्याची रेघ कुठे संपली हे कोणी खूण करून सांगत नाही. ती आपणच शोधायची.

शोधायची कशी? यादीत फिनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह दिसतं का ते पाहायचं. बहुतेक सीरममध्ये ते असतं आणि जास्तीत जास्त १ टक्काच वापरायची परवानगी आहे. म्हणजे त्याच्यानंतर जी नावं येतात ती सगळी १ टक्का किंवा त्याहून कमी. त्याच्या आधीची नावं जास्त असतीलच असं नाही, पण नंतरची नक्की कमी.

आता मूळ बाटलीची यादी वाचू. पाणी, इथॉक्सीडायग्लायकॉल, ॲस्कॉर्बिक ॲसिड, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, लॉरेथ-२३, फिनॉक्सीइथेनॉल, टोकोफेरॉल, ट्रायइथेनॉलअमाइन, फेरुलिक ॲसिड, पॅन्थेनॉल, सोडियम हायल्युरोनेट. एकूण बारा नावं. पंधरा हजारांच्या बाटलीत बारा जिन्नस, आमच्या गोडा मसाल्यात याहून जास्त असतात.

यातले तीन आकडे कंपनी स्वतः सांगते. ॲस्कॉर्बिक ॲसिड १५ टक्के, टोकोफेरॉल म्हणजे विटामिन ई १ टक्का, आणि फेरुलिक ॲसिड अर्धा टक्का. हे मिश्रण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. २००५च्या त्यांच्या शोधनिबंधात सी आणि ई यांच्या जोडीने डुकराच्या त्वचेचं ऊन्हापासूनचं संरक्षण चौपट झालं होतं, आणि त्यात अर्धा टक्का फेरुलिक घातल्यावर ते साधारण आठपट झालं. शिवाय फेरुलिकमुळे बाटलीतली विटामिनंही जास्त टिकली. (याचा अर्थ सनस्क्रीन सोडून द्या असा नव्हे. हे सीरम सनस्क्रीनच्या खाली लावायचं.) तर नक्कल जुळते की नाही हे ठरवताना मुख्य तपासणी या त्रिकुटाची, बाकी नावं मागाहून.

एक आकडा माहीत असला की शेजारचे आपोआप कळायला लागतात. ॲस्कॉर्बिक ॲसिड १५ टक्के आणि ते तिसरं आहे, म्हणजे त्याच्या आधीचं इथॉक्सीडायग्लायकॉल कमीत कमी १५ टक्के असणार. एवढं विद्रावक कशाला? फेरुलिक ॲसिड नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, विटामिन ई तर तेलकटच. त्यांना पाण्यात एकजीव ठेवायचं काम हे विद्रावक आणि लॉरेथ-२३ मिळून करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिसऱ्या बाटलीच्या वेळी लागेल.

दुसरी बाटली, साडेपाचशेवाली. पाणी, ग्लिसरीन, प्रॉपेनडायॉल, एथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड, संत्र्याच्या सालीचा अर्क, पॉलिसॉर्बेट २०, फिनॉक्सीइथेनॉल, टोकोफेरिल ॲसिटेट, झँथन गम, फेरुलिक ॲसिड, सोडियम हायल्युरोनेट, सुगंधद्रव्य.

भाचीने बोटाने दाखवलं, "हे बघ, ॲस्कॉर्बिक आहे, टोकोफेरिल आहे, फेरुलिक आहे. तिन्ही आले की."

आले, पण आडनावं बदलून आले. एथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड हे विटामिन सीचं वेगळं रूप आहे. मूळ रेणूला एक छोटी साखळी जोडलेली असते, त्यामुळे ते हवेत लवकर खराब होत नाही, कमी आंबट असतं आणि त्वचेला चुरचुरत नाही. पदार्थ वाईट नाही, नाजूक त्वचेच्या लोकांना मी तोच सुचवते. पण पिनेल यांचे आकडे साध्या ॲस्कॉर्बिक ॲसिडवरचे आहेत. ते या रूपाला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट दिसलं तरी हेच समजायचं.

टोकोफेरिल ॲसिटेटमध्ये फरक आणखी मोठा आहे. साधं टोकोफेरॉल हवेतल्या ऑक्सिजनचा मारा स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून ते शेजारच्या विटामिन सीला सांभाळतं. ॲसिटेट रूपात त्याचा हा हात बांधलेला असतो. बाटली वर्षभर टिकावी म्हणून तो मुद्दाम बांधलेला असतो. त्वचेत गेल्यावर काही प्रमाणात सुटतो, पण बाटलीच्या आत त्याचा पहारेकरी म्हणून उपयोग नाही.

मग त्या १५ टक्क्यांचं काय? एथिल ॲस्कॉर्बिक खरंच १५ टक्के असेल तर त्याच्या आधी लिहिलेलं ग्लिसरीन आणि प्रॉपेनडायॉल, दोन्ही १५ टक्क्यांच्या वर हवीत. एवढं ग्लिसरीन असलेलं द्रव बोटांत चोळलं तर पाकासारखं चिकट लागतं. हे सीरम पाण्यासारखं पळत होतं. मी पुन्हा पुढची बाजू पाहिली तर १५ टक्क्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत "विटामिन सी कॉम्प्लेक्स" असं होतं. हा कॉम्प्लेक्स शब्द दिसला की थांबायचं. यात संत्र्याचा अर्कही मोजला असू शकतो आणि असा अर्क म्हणजे बहुतेक वेळा पाणी किंवा ग्लिसरीन, त्यात सालीचा थोडासा अंश. आवळ्याच्या अर्काचंही तसंच असतं. आमच्या धंद्यात याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, पण खरं बोलणंही म्हणत नाहीत.

फेरुलिक ॲसिड इथे फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली आहे, पण मूळ बाटलीतही ते खालीच आहे. म्हणून जागेवरून भांडता येत नाही. रेघेच्या खाली अर्धा टक्का आणि चिमूटभर हे दोन्ही शेजारी शेजारी बसतात. कंपनी आकडा छापत नसेल तर तो आपल्याला कळणार नाही, आणि या कंपनीने छापला नव्हता. ही बाटली आपल्या जागी ठीक असेल, पण ती पहिलीची नक्कल नव्हे.

तिसरी बाटली वाचताना मात्र मी खुर्ची पुढे ओढली. पाणी, ॲस्कॉर्बिक ॲसिड, इथॉक्सीडायग्लायकॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, पॉलिसॉर्बेट ८०, टोकोफेरॉल, फिनॉक्सीइथेनॉल, फेरुलिक ॲसिड, सोडियम हायड्रॉक्साइड, डायसोडियम ईडीटीए, सोडियम हायल्युरोनेट. पुढे तिन्ही टक्के स्पष्ट छापलेले: १५, १ आणि ०.५.

त्रिकूट जुळलं, रूपासकट जुळलं. आता जे जुळत नाही ते पाहायचं, कारण न जुळणारं प्रत्येक नाव काही महत्त्वाचं नसतं. लॉरेथ-२३ऐवजी पॉलिसॉर्बेट ८० आहे. दोन्हींचं काम तेलकट विटामिन ई पाण्यात मिसळून ठेवणं, इथे जोशी रजेवर म्हणून कुलकर्णी आले एवढंच. ट्रायइथेनॉलअमाइनऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड आहे. दोन्ही आम्लपणा थोडा खाली आणायला घालतात. पॅन्थेनॉल नाही, तर नाही. ईडीटीए जादा आहे आणि ते चांगलंच, कारण पाण्यातल्या लोखंड-तांब्याच्या अंशाला ते पकडून ठेवतं. हे धातू ॲस्कॉर्बिक ॲसिड बिघडवण्यात पटाईत असतात.

एक फरक मात्र मला खटकला. इथे इथॉक्सीडायग्लायकॉल ॲस्कॉर्बिकच्या नंतर आहे, म्हणजे १५ टक्क्यांहून जास्त नाही, कदाचित बरंच कमी. हा महागडा जिन्नस आहे आणि किंमत खाली आणायची तर पहिली कात्री इथेच लागते. परिणाम काय होऊ शकतो? फेरुलिक पुरतं विरघळलेलं राहत नाही आणि थंडाव्यात त्याचे बारीक कण तळाशी बसतात. म्हणून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी उजेडात तिरकी धरून पाहायची. भाची शनिवारीच तसं करून आली होती, माझंच ऐकून. तळ स्वच्छ होता.

यादीचं काम इथे संपतं. पण ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या बाबतीत दोन गोष्टी यादीत लिहिलेल्या नसतात आणि सीरम चालणार की नाही ते त्यांच्यावरच ठरतं.

पहिली म्हणजे पीएच. ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या रेणूवर विद्युतभार असला तर ते त्वचेच्या तेलकट वरच्या थरातून आत जात नाही. पीएच ४.२ला निम्मे रेणू भारित असतात, त्याच्या वर गेलं की आणखी जास्त. पिनेल यांच्याच २००१च्या प्रयोगांत पीएच ३.५च्या खाली असेल तरच ते नीट आत जातं असं दिसलं. आणि टक्केवारी २०च्या वर नेऊन काही फायदा झाला नाही, म्हणजे ३० टक्केवाल्या बाटलीला भुलू नका. ० ते ६ अशा पल्ल्याच्या पीएचपट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. एक थेंब पट्टीवर टाकायचा आणि लगेच रंग जुळवायचा. पहिली बाटली ३च्या खाली, तिसरी ३च्या आसपास, दुसरी ५च्या जवळ. दुसरीचं ५ असणं बरोबरच आहे, एथिल रूपाला ते चालतं. पण यादीत साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि पट्टीवर ५ दिसलं असतं तर मी ती बाटली तिथेच बाजूला ठेवली असती.

दुसरी गोष्ट ताजेपणा. ॲस्कॉर्बिक ॲसिड हवा, उजेड आणि उष्णतेने बिघडतं. ताजं सीरम पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असतं, मग ते मधासारखं होतं, मग चहासारखं. ऑनलाइन मागवलेली बाटली भिवंडीच्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात मे महिना काढून आली असेल तर तिचं वय छापलेल्या तारखेपेक्षा जास्त धरावं. काही कंपन्या सीरम मुळातच केशरी करतात. संत्र्याची आठवण यावी म्हणून करत असतील, पण त्यामुळे बिघाडाचा रंग झाकला जातो हेही खरं.

रंगावरून अंदाज येतो, मोजमाप होत नाही. ते आम्ही प्रयोगशाळेत आयोडीनने करतो. ॲस्कॉर्बिक ॲसिड आयोडीनचा रंग घालवतं. जितकं ॲसिड शिल्लक तितकं आयोडीन ते गिळतं. घरीही याची ओबडधोबड आवृत्ती जमते. केमिस्टकडून ५ टक्क्यांचं पोव्हिडोन-आयोडीन सोल्युशन, म्हणजे आपलं बेटाडीन, १ मिलीची एक सिरिंज आणि १० मिलीची एक सिरिंज आणायची. मलम नको, पातळ सोल्युशनच. काचेच्या ग्लासात अर्धा कप फिल्टरचं पाणी, त्यात ०.२ मिली सीरम आणि चमचाभर गाळलेली गार भाताची पेज. पेजेतला स्टार्च उरलेल्या आयोडीनला निळा-काळा रंग देतो. आता ढवळत ढवळत बेटाडीन थोडं थोडं घालायचं. पडल्या पडल्या रंग दिसेल आणि विरून जाईल. ढवळूनही अर्धा मिनिट रंग टिकला की थांबायचं आणि किती मिली गेलं ते लिहून ठेवायचं.

हिशेब असा. ०.२ मिलीत १५ टक्क्यांनी ३० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड. त्याला साधारण ४३ मिलिग्रॅम आयोडीन लागतं. ५ टक्के बेटाडीनच्या १ मिलीत वापरता येईल असं आयोडीन सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेआठ मिलीच्या आसपास खर्च व्हायला हवं. बेटाडीनच्या बाटलीतही थोडं कमीजास्त चालतं, म्हणून या आकड्यावर कोर्टात जाऊ नका. एकाच बेटाडीनने दोन सीरम लागोपाठ तपासली तर त्यांची आपसातली तुलना मात्र विश्वासार्ह असते. यादीत सल्फाइट किंवा ग्लुटाथायोन असेल तर तेही आयोडीन खातं, तेव्हा तिथे ही युक्ती वापरू नये. आणि ग्लासातलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, चेहऱ्याला नाही.

ओट्यावर तीन ग्लास मांडले. दुसऱ्या बाटलीच्या ग्लासात पहिला थेंब पडला आणि पेज लगेच निळीकाळी झाली, ती तशीच राहिली. एथिल रूप आयोडीनशी असं बोलतच नाही. म्हणजे तिच्यात विटामिन सी नाही असा अर्थ नाही, साधं ॲस्कॉर्बिक नाही एवढाच अर्थ.

तिसरीने ८.१ मिली खाल्लं. छापलेल्या १५ टक्क्यांच्या जवळपास.

मग पहिली, पंधरा हजारांची. भाची सिरिंजकडे डोळे लावून बसली होती. साडेपाच मिलीला रंग टिकला. थोडं थांबून पुन्हा ढवळलं, रंग हलला नाही. मी दुसऱ्यांदा केलं, ५.४.

"म्हणजे ही पण नकली?"

नकली नव्हे, दमलेली. पाच महिन्यांपूर्वी उघडलेली, बाथरूमच्या खिडकीत ठेवलेली, आणि त्यातला बहुतेक काळ ठाण्याचा उन्हाळा. उजेडात धरली तर रंग मधाचा होता, तिला रोज बघून तो कळलाच नव्हता. साधारण तिसरा हिस्सा ॲसिड वाफेवर नाही, हवेवर गेलं होतं. बाटलीची किंमत पंधरा हजार असली तरी शेवटच्या महिन्यांत ती दहा टक्क्यांच्या सीरमचं काम करत होती. हीच गोष्ट मला ड्यूपच्या हिशेबात सगळ्यात मोठी वाटते. सातशेची बाटली दर तीन महिन्यांनी नवी उघडता येते. पंधरा हजारांची बाटली माणूस पुरवून पुरवून वापरतो, आणि नेमकं हे रसायन पुरवून वापरण्यासारखं नाही.

तरी महागड्या बाटलीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्या विशिष्ट मिश्रणावर त्वचेचे प्रयोग झाले आहेत. तिसऱ्या बाटलीच्या बाबतीत मी घटक, पीएच आणि शिल्लक ॲसिड एवढं जुळवलं. विटामिन ई आणि फेरुलिकचे आकडे मी तपासले नाहीत, तिथे कंपनीच्या छापील शब्दावर ठेवलेला विश्वास आहे. पुढच्या बॅचमध्ये कंपनीने विद्रावक आणखी कमी केलं तर यादीतला क्रम तोच राहून सीरम बदललेलं असू शकतं. म्हणून नवी बाटली आली की तळ आणि रंग पुन्हा पाहायचा.

दुसरी बाटली परत गेली. तिसरीच्या बुडाला भाचीने मार्करने उघडल्याची तारीख लिहिली आणि ती फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या शेजारी ठेवायची असं ठरलं. आधी चार दिवस कानामागे लावून बघ म्हटलं, इतक्या आंबट द्रवाने काहींना चुरचुरतं. पहिलीत उरलेलं ती हाताच्या पाठीला लावून संपवणार आहे. नणंदेला यातलं काय सांगायचं, यावर चहा होईपर्यंत आमचं एकमत झालं नाही.